एकाच तासाला सर दोन वर्गांत: वेळापत्रक लावताना या चुका टाळा

तिसऱ्या तासाची घंटा होते, नववी अ चा मॉनिटर ऑफिसात येऊन म्हणतो, "सर आले नाहीत." सर आलेले असतात, पण दहावी अ वर. वेळापत्रकात दोन्ही वर्गांसमोर त्यांचंच नाव असतं. जून संपत आला तरी अशी धावपळ चालू असेल, तर बहुधा पुढल्यापैकी एखादी चूक झालेली असते.

पहिली चूक म्हणजे चौकटी भरण्याआधी बेरीज न करणं. सोमवार ते शुक्रवार रोज ८ आणि शनिवारी सकाळी ५ तास धरले, तर आठवड्याला ४५ तासिका होतात. केज-अंबाजोगाई भागातल्या एखाद्या शाळेत इंग्रजीच्या मॅडमकडे ३१ तासिका आहेत आणि मंगळवार-गुरुवार त्या संस्थेच्या दुसऱ्या शाखेत जातात असं समजा. ते १६ तास वजा केले की हातात २९ उरतात. इथं कितीही खाडाखोड केली तरी २ तास कुठंच बसणार नाहीत. कार्यभार वाटपातच ते दुसऱ्या कुणाला तरी द्यावे लागतात, आणि हे मुख्याध्यापकांच्या कानावर पहिल्याच दिवशी घातलेलं बरं.

दुसरी चूक जोडतासाची आहे. दहावी अ आणि ब मधली काही मुलं संस्कृत संयुक्त घेतात, बाकीची हिंदीला बसतात. संस्कृतचे सर एकच असतील तर दोन्ही तुकड्यांची संस्कृतची मुलं एका खोलीत आणि हिंदीची दुसऱ्या खोलीत, एकाच वेळी बसवावी लागतात. म्हणजे एका जोडतासाला दोन वर्ग, दोन शिक्षक आणि दोन खोल्या अडकतात. हे तास शेवटी घालायला गेलं की जागाच मिळत नाही. कोऱ्या तक्त्यावर सगळ्यात आधी तेच लाल पेनानं लिहावेत. मॅडमचे बाहेरचे दिवसही तसेच.

तक्ता एक्सेलमध्ये असेल तर इथं आणखी एक सापळा आहे. ओळीत वर्ग, रकान्यात तास आणि चौकटीत शिक्षकाची खूण. एका रकान्यात तीच खूण दोनदा आली की चौकट रंगावी म्हणून बरेच जण कंडिशनल फॉरमॅटिंगला हे सूत्र देतात:

```
=COUNTIF(C$3:C$8,C3)>1
```

पण दहावीच्या दोन्ही ओळींत "सं+हिं" असं लिहिलं, तर चूक नसताना रंग येतो. उलट हिंदीच्या मॅडम त्याच तासाला आठवीत "हिं" म्हणून असल्या, तर खरी टक्कर दिसतच नाही, कारण एक्सेलच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. दहावी अ च्या ओळीत "सं" आणि ब च्या ओळीत "हिं" लिहावं. मग प्रत्येक खूण रकान्यात एकदाच येते.

आता मुख्य गोष्ट. तक्ता जवळजवळ भरतो आणि एक तास अडून बसतो. मग लोक दिसेल ती चौकट हलवतात, एक टक्कर सुटते आणि दोन नव्या होतात. त्यापेक्षा फक्त दोन तास निवडा आणि त्या दोघांतच अदलाबदल करा.

मंगळवारी नववी अ ला गणित हवं आहे. तिचा तिसरा तास मोकळा आहे, पण तेव्हा गणिताचे सर दहावी अ वर. सर सहाव्या तासाला मोकळे, तर तेव्हा नववी अ ला मराठी. म्हणून गणित सहाव्यावर ठेवा आणि मराठी तिसऱ्यावर आणा. तिसऱ्या तासाला मराठीच्या मॅडम आठवी ब वर आहेत, म्हणून आठवी ब चं मराठी सहाव्यावर न्या. तिथं आठवी ब ला इतिहास आहे, तो तिसऱ्यावर आणा. इतिहासाचे सर तिसऱ्या तासाला मोकळेच होते. साखळी संपली, दहावी अ ला हातही लागला नाही.

ही साखळी गोल फिरून परत सुरुवातीला येत नाही. नववी अ चा तिसरा तास आणि गणिताच्या सरांचा सहावा तास मुळातच रिकामे असल्यानं तिला परतायची वाट नसते. ती कुठंतरी मोकळ्या जागी थांबतेच. हंगेरीचे गणिती कोनिग यांनी १९१६ साली सिद्ध केलं, की कुठल्याही शिक्षकाच्या किंवा वर्गाच्या तासिका उपलब्ध तासांपेक्षा जास्त नसतील, तर टक्कर नसलेली मांडणी असतेच. मात्र ही हमी दुसरं कुठलंही बंधन नसताना आहे. जोडतास आणि बाहेरचे दिवस आले की ती उरत नाही.

त्यामुळे साखळी लाल चौकटीवर येऊन आदळली, तर तिथं जबरदस्ती करू नका. केलेले बदल पुसा, नववी अ चा तिसरा तास तसाच धरा आणि सहाव्याऐवजी गणिताच्या सरांचा दुसरा मोकळा तास घ्या. तो दुसऱ्या दिवशीचा असला तरी चालतो. सगळ्याच जोड्या लालवर अडल्या तर जोडतासच दुसऱ्या दिवशी हलवून पाहावा लागतो. अशा वेळी मागं जायला मूळ तक्त्याची एक प्रत आधीच काढून ठेवा.