कर्मचारी सर्वेक्षणाचा मराठी अनुवाद करताना ‘नाही’ कसा सांभाळावा

कंपनीतील लोकांचे कामात किती मन रमते हे जाणून घेण्यासाठी मुख्य कार्यालयाकडून जी प्रश्नावली येते, ती बहुधा इंग्रजीत असते आणि वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांपर्यंत पोहोचवण्यासाठी ती मराठीत करावी लागते. तिच्यात प्रश्न असे फारसे नसतातच. विधाने असतात, आणि प्रत्येक विधानापुढे ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच पर्याय असतात. काही विधाने मुद्दाम उलट्या बाजूने लिहिलेली असतात. जो माणूस न वाचता सगळीकडे ‘सहमत’वर खूण करत जातो, किंवा साहेबांना बरे वाटावे म्हणून प्रत्येक गोष्टीला होकार देतो, तो अशा विधानांपाशी उघडा पडतो, हा त्यामागचा हेतू असतो. अनुवादात सर्वाधिक चुका याच विधानांत आणि पर्यायांच्या शब्दांत होतात, आणि त्यांतील बहुतेक चुकांचे मूळ एकाच शब्दात, म्हणजे ‘नाही’मध्ये असते.

भाषांतराला हात घालण्यापूर्वी एक तक्ता करावा. एका रकान्यात मूळ विधान, दुसऱ्यात ‘याला सहमत होणारा माणूस कंपनीवर खूश की नाराज’ याचे एका शब्दात उत्तर, आणि तिसऱ्यात ‘गुणांकनात हे विधान उलटवले जाते का’ याचे उत्तर लिहावे. तिसऱ्या रकान्यातील माहिती अनुवादकाला सहसा कोणी देत नाही. ती मागून घ्यावी लागते. पाच पर्यायांच्या मोजपट्टीवर ‘पूर्णपणे सहमत’ला 5 आणि ‘पूर्णपणे असहमत’ला 1 गुण असतो, आणि उलट्या विधानाचे गुण सहातून वजा करून फिरवले जातात, म्हणजे 5 चा 1 होतो, 4 चा 2 होतो आणि 3 तसाच राहतो. हे काम संगणकावरील तक्ता करतो, आणि मराठीत विधानाची दिशा बदलली आहे की नाही हे त्याला कळत नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रश्नावलीत ‘माझे काम कोणाच्या लक्षात येत नाही’ अशा आशयाचे विधान होते. मराठीत ते रडके वाटले, म्हणून मी त्याचे ‘माझ्या कामाची दखल घेतली जाते’ असे केले आणि वाक्य सुबक झाले म्हणून स्वतःवर खूशही झालो. तक्त्याने मात्र आपला नेम सोडला नाही. ज्या कामगाराने समाधानाने ‘पूर्णपणे सहमत’वर खूण केली, त्याचे 5 गुण 1 झाले. अहवाल आल्यावर एचआर विभागातील अधिकाऱ्यांचा फोन आला: ‘अहो, शाबासकी मिळते म्हणतात आणि त्याच कागदावर दखल घेत नाहीत म्हणतात, आमची माणसं अशी कशी?’ माणसे ठीक होती, वाक्य उलटे होते. तेव्हापासूनचा माझा नियम असा की विधान मराठीत कितीही बोचले तरी त्याची दिशा अनुवादकाने बदलू नये. बदलायचीच असेल तर प्रश्नावलीच्या मालकाला लेखी कळवून गुणांकनही त्याच वेळी बदलून घ्यावे.

दिशा तशीच ठेवायची म्हणजे मूळ वाक्यातील नकार जसाच्या तसा ‘नाही’ने उतरवायचा, असे मात्र नाही. ‘माझ्या कामाची दखल घेतली जात नाही’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, तरी प्रश्नावलीत ते घातक ठरते. मराठी माणूस अशा वाक्याला दोन्ही प्रकारे दुजोरा देतो. नाराज कामगार ‘हो, घेतली जात नाही’ असे म्हणेल किंवा ‘नाही, घेतलीच जात नाही’ असेही म्हणेल, आणि दोन्ही वेळा त्याला तेच सांगायचे असते. कागदावर मात्र ‘नाही’ मनात धरून तो ‘असहमत’ शोधतो. समजा त्याने 2 ची खूण केली, तर उलटवल्यावर ते 4 होतात. शेजारच्या यंत्रावरील खूश कामगारही ‘छे, घेतात की’ असे म्हणून ‘असहमत’वरच खूण करतो आणि त्याचेही 4 होतात. परस्परविरोधी मनाची दोन माणसे एकाच गुणांवर येऊन बसतात. पर्यवेक्षक वाक्ये वाचून दाखवतो आणि कामगार तोंडी उत्तर देतो, तिथे तर हे हमखास घडते.

त्यावरचा उपाय असा की नकार क्रियापदाबाहेर ठेवू नये, शब्दाच्या पोटात घ्यावा. ‘माझ्या कामाकडे दुर्लक्ष होते’ असे लिहिले की दिशा तीच राहते, पण ‘नाही’ उरत नाही. आता ‘असहमत’चा अर्थ ‘दुर्लक्ष होत नाही’ एवढा एकच निघतो. ‘सूचना ऐकल्या जात नाहीत’ऐवजी ‘सूचना कानाआड केल्या जातात’, ‘कामात उत्साह वाटत नाही’ऐवजी ‘कामाचा कंटाळा येतो’ अशी रूपे मराठीत सहज सापडतात. तीव्रता तेवढी तपासावी. ‘वीट येतो’ म्हटले तर विधान मूळापेक्षा जड होते आणि थोडेसे नाराज असलेले लोक त्याला सहमत होत नाहीत.

‘क्वचित’ अर्थाच्या विधानांत आणखी एक खोच असते. ‘दुसरीकडे नोकरी शोधण्याचा विचार मी क्वचित करतो’ अशा मूळ वाक्याचे ओघवते मराठी ‘असा विचार माझ्या मनात फारसा येत नाही’ असे होते, कारण ‘फारसा’ हा शब्द आपल्यासोबत ‘नाही’ घेऊनच येतो. म्हणून येथे ओघापेक्षा ‘दुसरीकडे नोकरी शोधावी असे मला क्वचितच वाटते’ हेच रूप ठेवावे. ‘मला वाटते’ या रचनेचा दुसरा लाभ असा की ‘करतो की करते’ हा प्रश्न उरत नाही आणि बायकांना पुरुषी क्रियापदाच्या वाक्यावर खूण करावी लागत नाही.

विधाने झाल्यावर पर्यायांकडे वळावे, कारण पर्यायांतही ‘नाही’ दडलेला असतो. नकाराच्या टोकाचा पर्याय मी अनेक छापील प्रश्नावल्यांत ‘पूर्णपणे सहमत नाही’ असा पाहिला आहे. या शब्दांचा मराठीतला सरळ अर्थ ‘सहमत आहे, पण पूर्णपणे नाही’ असा होतो. ज्याला बरेचसे पटलेले आहे असा माणूस तिथे प्रामाणिकपणे खूण करतो आणि त्याला सर्वांत कमी गुण मिळतात. हाच घोटाळा विधानांतही होतो: ‘माझ्या सगळ्या तक्रारी सुटत नाहीत’ म्हणजे एकही सुटत नाही, की काही सुटतात आणि काही राहतात? ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘पूर्णपणे’ हे शब्द आणि ‘नाही’ एकाच वाक्यात आले की ते वाक्य मोडून पुन्हा लिहावे. पर्यायात ‘पूर्णपणे असहमत’ लिहावे, आणि विधानात जे म्हणायचे असेल त्याप्रमाणे ‘एकही तक्रार सुटत नाही’ किंवा ‘काही तक्रारी तशाच राहतात’ असे लिहावे. पहिल्या रूपात ‘नाही’ उरतोच, म्हणून शक्य तिथे ‘प्रत्येक तक्रार तशीच पडून राहते’ असे करावे.

‘सहमत’ऐवजी ‘पटते’ वापरावे असा मोह मला नेहमी होतो, कारण तो बोलण्यातला शब्द आहे. पण त्याचा विरोधी पर्याय ‘पटत नाही’ असा होतो आणि हाकललेला ‘नाही’ मागच्या दाराने परत येतो. ‘सहमत’ आणि ‘असहमत’ पुस्तकी असले तरी येथे तेच बरे. त्यांचा दोष वेगळा आहे: दोन शब्दांत फक्त एका ‘अ’चा फरक असल्यामुळे बारीक छपाईत डोळा फसतो. अक्षर मोठे ठेवावे, दोन्ही बाजू कागदाच्या दोन टोकांना ठेवाव्यात आणि पर्यायांचा क्रम कोणत्याही पानावर बदलू नये.

दोन्ही बाजूंची वजने सारखी असावीत. एका बाजूला ‘बऱ्यापैकी सहमत’ आणि दुसऱ्या बाजूला ‘थोडासा असहमत’ असे झाले तर मोजपट्टी एका अंगाला कलते. शिवाय ‘थोडासा’ पुल्लिंगी आहे, म्हणून तशी गरज पडल्यास दोन्हीकडे ‘काही प्रमाणात’ वापरावे. मधल्या पर्यायाला ‘सांगता येत नाही’ लिहू नये. ज्याला मत आहे पण सांगण्याची भीती वाटते, त्याला ती आयती पळवाट मिळते. ‘ठीक आहे’ही नको, कारण आपल्याकडे ‘ठीक आहे’ म्हणजे अनेकदा ‘चालवून घेतो’ असते. ‘सहमतही नाही, असहमतही नाही’ हे लांबलचक असले तरी खरे आहे. ‘मला लागू नाही’ हवे असेल तर ते पट्टीबाहेर, स्वतंत्र चौकटीत ठेवावे.

आता चाचणी. वेगवेगळ्या विभागांतील सहा ते आठ जण निवडावेत, त्यांत कंत्राटी कामगार आणि घरी दखनी बोलणारे एक-दोघे असावेत. आधी पाच पर्याय पाच चिठ्ठ्यांवर लिहून, मिसळून द्यावेत आणि क्रमाने लावायला सांगावे. दोघांनी जरी एकाच जागी अदलाबदल केली तरी तो शब्द बदलावा. मग प्रत्येक उलटे विधान वाचायला देऊन विचारावे, ‘तुम्ही इथे असहमतवर खूण केली, तर तुमच्या तोंडचे वाक्य काय?’ ‘कळले का’ असे विचारू नये. त्याला सगळेच मान डोलावतात.

उत्तरे जमल्यानंतरही एक तपासणी बाकी राहते. उलटवण्याचे सूत्र साधे ठेवले तर रिकाम्या चौकटीला ते शून्य समजते आणि उत्तर न देणाऱ्याला 6 गुण मिळतात, म्हणून ते असे लिहावे:

```
=IF(C2="","",6-C2)
```

यानंतर उलटवलेले गुण आणि त्याच विषयावरील सरळ विधानाचे गुण यांचा संबंध `CORREL` या सूत्राने काढावा, मराठी व इंग्रजी कागदांसाठी वेगवेगळा. दोन्ही गुण बरोबरीने वाढत-घटत असतील तर हा संबंध अधिक येतो, एकमेकांच्या उलट चालत असतील तर उणे येतो. शंभरेक उत्तरे असली तर हा आकडा भरवशाचा ठरतो. वीस-पंचवीस उत्तरांवरून निष्कर्ष काढू नये. दोन्ही भाषांत संबंध उणे आला तर आधी सूत्र तपासावे, आणि ते बरोबर असेल तर मूळ विधानच सदोष आहे. इंग्रजीत अधिक आणि मराठीत ठळक उणे आला तर अनुवादात दिशा फिरली आहे, आणि मराठी कागदांपुरते उलटवणे रद्द केले की गुण जागेवर येतात; माझे ‘दखल घेतली जाते’ असेच दुरुस्त झाले. मराठीत तो शून्याच्या आसपास आला तर काही लोकांनी वाक्य एका अर्थाने आणि काहींनी दुसऱ्या अर्थाने वाचले आहे. कोणी कसे वाचले हे नंतर शोधता येत नाही, म्हणून ते विधान मराठी निकालातून वगळावे, तसे अहवालात लिहावे, आणि पुढच्या वर्षी सुधारलेल्या विधानाची तुलना या वर्षाच्या आकड्याशी करू नये.