टीमच्या चॅटमधले टोमणे वर पाठवताना या चुका टाळा

प्रॉडक्शनमध्ये काहीतरी पडलं की टीमच्या ग्रुपवर दोन गोष्टी एकदमच सुरू होतात: दुरुस्ती आणि टोमणे. संध्याकाळी डायरेक्टरचा निरोप येतो, "नक्की काय झालं ते पाठवा." मग लीड किंवा मॅनेजर चॅट उघडून साफसफाईला बसतो. घोटाळे होतात ते इथेच.

उदाहरणादाखल ऑनलाइन विक्री करणाऱ्या एखाद्या कंपनीतलं हे संभाषण बघू:

"पेमेंट गेटवे झोपला. वामकुक्षीची वेळ झालीच होती म्हणा."
"टेस्टिंगची फॅशन गेली आता. डायरेक्ट कस्टमरच टेस्ट करतात."
"व्हेंडर म्हणे त्यांच्याकडे सगळं ओके आहे. धन्य!"
"शंभर वेळा सांगितलं, शुक्रवारी रिलीज नको."

सर्वांत मोठी चूक म्हणजे यातलं खटकेल ते उडवून टाकायचं. तसं केलं तर वर जाईल फक्त "पेमेंट गेटवे बंद पडला" एवढंच. पण पहिल्या वाक्यातली महत्त्वाची माहिती वामकुक्षीतच आहे: गेटवे वरचेवर दुपारी, साधारण एकाच वेळी बंद पडतोय. बिघाड ठरावीक वेळी होत असेल, तर त्या वेळेला चालणाऱ्या एखाद्या बॅच जॉबवर पहिला संशय जातो. विनोद काढताना हा धागा तुटला, तर वरचे लोक याला एकदाच घडलेला अपघात समजतील. म्हणून आधी लॉग उघडायचा आणि मग लिहायचं: "गेटवे आज दुपारी 2.10 ते 2.35 बंद होता. सोमवारी आणि बुधवारीही तो याच सुमारास बंद पडला होता."

याच्या उलट चूक म्हणजे अतिशयोक्ती जशीच्या तशी गंभीर भाषेत उतरवणं. "कस्टमरच टेस्ट करतात" याचं "टीमने टेस्टिंग केलेले नाही" असं केलंत, तर टोमण्याचा थेट आरोप होतो, आणि तो खोटाही असू शकतो. लिहिणाऱ्याला विचारा. बहुतेक वेळा उत्तर बरंच लहान निघतं: स्टेजिंग सर्व्हर बंद होता म्हणून रिग्रेशन टेस्ट राहिली, बाकीच्या झाल्या. तेवढंच लिहा. "शंभर वेळा"चंही तसंच. शोधल्यावर त्यामागे एक मेल आणि स्टँडअपमधला एक उल्लेख सापडतो. मग "शुक्रवारच्या रिलीजबाबत टीमने 4 तारखेच्या मेलमध्ये हरकत नोंदवली होती" हे वाक्य शंभरपेक्षा जास्त वजनदार ठरतं. मेल सापडलाच नाही, तर "टीमचं म्हणणं आहे की" एवढ्यावर थांबा.

तिसऱ्या वाक्यात फसगत वेगळी आहे. घाईत "म्हणे" आणि "धन्य" गाळलं, की उरतं "व्हेंडरकडे सगळं ओके आहे". म्हणजे लिहिणाऱ्याला जे पटत नव्हतं, तेच तुम्ही त्याच्या नावावर वर पाठवलंत. इथे दोन बाजू वेगळ्या मांडाव्या लागतात: "व्हेंडरच्या म्हणण्यानुसार त्यांच्या यंत्रणेत बिघाड नाही. आमच्या लॉगमध्ये मात्र त्या वेळेत त्यांच्याकडून टाइमआउट दिसतात." हसऱ्या इमोजीचंही हेच. "मस्त काम 😂" मधला इमोजी गेला, तर मागे राहते ती निखळ शाबासकी.

काही वाक्यांमध्ये खरंच काहीच नसतं. हात जोडलेले इमोजी, चहाचे जोक, मीम: ते बिनधास्त गाळा.

मऊ करण्याच्या नादात "काही आव्हाने आली" अशी पिठूळ भाषा वापरू नका. ती वाचून डायरेक्टर पुन्हा फोन करणार, आणि तुम्ही फोनवर तेच सगळं सांगणार, बहुधा टोमण्यांसकट. काय, कधी, किती वेळ, आता काय हवंय, हे सरळ लिहा.

बदललेलं वाक्य अवतरणचिन्हांत घालून कुणाच्या नावावर टाकणं हे तर चक्क चुकीचं. तुम्ही लिहिलाय तो सारांश, आणि वर तसं स्पष्ट म्हणा: "टीमच्या चर्चेचा सारांश, शब्द माझे." ज्याचं मत उचललंय त्याला मसुदा दाखवून "हे असं वर जातंय, बरोबर आहे ना?" एवढं विचारलंत, की पुढची अर्धी भांडणं टळतात.

मूळ मेसेज बदलायला लोकांना सांगू नका. स्लॅकवर किंवा टीम्सवर एडिट केलेल्या मेसेजपाशी तशी खूण दिसते, आणि कंपनीच्या सेटिंगनुसार जुना मजकूर साठवलेलाही असू शकतो. गंमत म्हणून लिहिलेलं वाक्य मग लपवाछपवीसारखं दिसायला लागतं. स्क्रीनशॉटही नको, कारण कडेला कुणी कुणाला हसून दाद दिली तेही त्यात जातं.

आणि एका बाबतीत यातलं काहीच करायचं नाही. टोमणा एखाद्या व्यक्तीची जात, लिंग, धर्म, दिसणं यावर असेल, किंवा प्रकरण तक्रार, ऑडिट वा कायदेशीर चौकशीकडे गेलं असेल, तर ते चॅट पुरावा आहे. एक अक्षरही न बदलता ते एचआरकडे किंवा लीगलकडे द्यायचं. लीडरशिपला फक्त तसं दिल्याचं कळवायचं.