‘फक्त आमचंच काम करा’ म्हणणाऱ्या ग्राहकाला

समजा, जळगावच्या एका डाळमिलची पाकिटं तुम्ही डिझाइन करता आणि शेठ म्हणतात, “दुसऱ्या मिलचं काम घेऊ नका.” त्यांच्याकडून महिन्याला २० हजार मिळतात, बाकीच्या मिलांकडून ४०. म्हणजे होकार दिलात तर दरमहा ४० हजारांवर पाणी.

आधी त्यांची भीती विचारा. बहुतेकदा ती तुमच्या इतर कामांची नसतेच. आपलं नवं पाकीट, भाव शेजारच्या मिलला कळतील, ही असते. मग लिहून पाठवा: “शेठ, सगळ्याच मिल सोडणं मला परवडणार नाही. पण तुम्ही सांगाल त्या दोन मिलांचं तूरडाळीचं काम सहा महिने घेणार नाही. त्यासाठी दरमहा किमान ३० हजार, काम कमी असलं तरी, ५ तारखेपर्यंत. तुमची डिझाइन, भाव कुणालाही दाखवणार नाही.”

मिलांची नावं कागदावर हवीतच. ‘स्पर्धक’ एवढाच शब्द राहिला तर उद्या धुळ्याची मिलही त्यात ओढली जाते. करार संपल्यावरही बंदी राहील असं कलम मात्र काढायला लावा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार अशी बंदी सहसा टिकत नाही, पण वाद उगाच वाढतो.