रॅपिड फायर फेरीआधी क्विझमास्टरने मिनिटभरात काय सांगावं

प्रश्नमंजुषेत रॅपिड फायर फेरी आली की मुलं सावरून बसतात. क्विझमास्टरने या वेळी कमी बोलावं, पण बोलेल त्यातलं एकही वाक्य वाया जाता कामा नये. फेरी प्रत्येक संघासाठी ६० सेकंदांची असेल, तर प्रास्ताविकही साधारण तेवढंच असावं. मराठीत सावकाश, स्पष्ट बोललं तर एका मिनिटात शंभर ते सव्वाशे शब्द बसतात. तेवढ्यात सगळं सांगून होतं.

आधीच्या फेऱ्यांत संघाला एका प्रश्नावर विचार करायला, आपसांत बोलायला वेळ मिळालेला असतो. इथे बुद्धिबळानंतर भूगोल येतो आणि भूगोलानंतर भूमिती. उत्तर देऊन झालं तरी मन आधीच्या प्रश्नात थोडं रेंगाळतं, त्यातही उत्तर चुकलं असं वाटलं की जास्तच. त्यामुळे नियम सांगणं हे प्रास्ताविकाचं निम्मंच काम. मुलांना या उड्यांची सवय करून देणं हे उरलेलं निम्मं, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच राहून जातं.

माईक हातात घेण्याआधी वेळाधिकारी आणि गुणलेखक यांच्याशी चार गोष्टी पक्क्या करा. घड्याळ केव्हा सुरू होणार, घंटा वाजली तेव्हा प्रश्न अर्धवट असेल तर काय करायचं, उत्तर कोण देणार आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापायचे की नाहीत. या चारांपैकी एक जरी मोघम राहिली, तरी फेरीच्या मध्येच वाद होतो आणि घड्याळ थांबवावं लागतं. प्रश्नसंच बंद पाकिटांत ठेवून संघांना निवडू दिले, तर ‘त्यांना सोपे प्रश्न आले’ ही तक्रारही बरीच कमी होते.

मग भाषण लिहून काढा. या फेरीसाठी तोंडपाठ किंवा कागदावरचं भाषणच बरं, कारण ऐनवेळी सुचेल तसं बोललं की एखादा नियम हमखास सुटतो. मी ते असं लिहीन:

“मित्रांनो, आता रॅपिड फायर फेरी. प्रत्येक संघाला ६० सेकंद आणि जास्तीत जास्त १० प्रश्न. मी पहिला प्रश्न वाचायला लागलो की घड्याळ सुरू होईल. बरोबर उत्तराला ५ गुण. उत्तर चुकलं किंवा पास केलं, तरी गुण कापले जाणार नाहीत. उत्तर फक्त कर्णधार देईल, आणि त्याचं पहिलं उत्तरच धरलं जाईल. बरोबर की चूक हे मी मध्ये सांगणार नाही, लगेच पुढचा प्रश्न विचारेन. येत नसेल तर ‘पास’ म्हणा. पास केलेला प्रश्न परत येणार नाही. घंटा वाजली तेव्हा प्रश्न पूर्ण वाचून झाला असेल तर उत्तर देता येईल, नाहीतर तो सोडून देऊ. या प्रश्नांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. उत्तर दिलं की तो प्रश्न विसरा आणि पुढचा ऐका. आता नमुन्याचे तीन प्रश्न, सगळ्यांसाठी. याला गुण नाहीत.”

यातला क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. गुण कापले जाणार नाहीत हे ‘पास’च्या आधी येतं, कारण नुकसान नाही हे कळल्याशिवाय मुलं पास म्हणायला कचरतात. हिशोब करून बघा. सात-आठ शब्दांचा प्रश्न वाचायला चार सेकंद आणि उत्तराला दोन, म्हणजे एका प्रश्नाला सहा सेकंद. दहा प्रश्न ६० सेकंदांत जेमतेम बसतात. एखादा मुलगा न येणाऱ्या उत्तरासाठी बारा सेकंद जास्त थांबला, तर शेवटचे दोन प्रश्न त्याच्या कानावरही पडत नाहीत, आणि कदाचित तेच त्याला आले असते. तुमच्या स्पर्धेत चुकीला गुण कापले जात असतील, तर वाक्य बदला: “चुकलं तर गुण जातील, पास केलं तर जाणार नाहीत.” पास हा शब्द दोन्ही नियमांत वेगवेगळ्या कारणासाठी कामाला येतो आणि मुलांना त्यातलं नेमकं कारण कळायला हवं.

‘बरोबर की चूक सांगणार नाही’ हे वाक्य कधीही गाळू नका. ते सांगितलं नसेल, तर प्रत्येक उत्तरानंतर मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघत थांबतं आणि तोवर पुढच्या प्रश्नाचे पहिले दोन शब्द निसटलेले असतात.

आता नमुन्याचे प्रश्न. एकच प्रश्न नमुना म्हणून विचारण्याची पद्धत आहे, पण त्याने ही फेरी कशी आहे ते कळतच नाही. एका प्रश्नात उडी नसते. म्हणून तीन प्रश्न सलग, खऱ्या फेरीच्या वेगात विचारा आणि सगळ्या संघांना एकत्र उत्तर देऊ द्या:

“बुद्धिबळाच्या पटावर घरं किती?”
“जपानची राजधानी कोणती?”
“षटकोनाला बाजू किती?”

चौसष्ट, टोकियो, सहा. सोपे आहेत, आणि तसेच हवेत. उत्तर आठवण्यात अडखळले, तर विषय बदलल्यामुळे काय होतं ते मुलांना जाणवणार नाही. तिसऱ्या प्रश्नाला आवाज पहिल्यापेक्षा दबकत किंवा उशिरा आला, तर मुलं अजून मागेच आहेत असं समजा आणि आणखी दोन प्रश्न विचारा. तिन्ही उत्तरं एका दमात आली, तर लगेच फेरी सुरू करा.

काही वाक्यं मात्र टाळा. ‘इतिहास, विज्ञान, क्रीडा अशा विषयांवर प्रश्न असतील’ असं सांगितलं की मुलं प्रत्येक प्रश्नाला हा कोणता विषय, याचा अंदाज बांधत बसतात. विषय सांगूच नका. ‘घाबरू नका’ हेही नको. त्यापेक्षा ‘येत नसेल तर पास म्हणा’ हे जास्त धीर देतं, कारण घाबरलेल्या मुलाला त्यातून करायला काहीतरी मिळतं.

भाषण आणि नमुन्याचे प्रश्न पहिल्या संघाच्या आधी, सगळ्यांसमोर, एकदाच. पहिल्या संघाची गडबड पाहून तुम्ही दुसऱ्या संघाला नियम जास्त समजावून सांगितलेत, तर पहिल्यावर अन्याय होतो. पुढच्या प्रत्येक संघाला फक्त एवढंच म्हणा: “६० सेकंद, उत्तर कर्णधार देईल, पाकीट निवडा.”

भाषण नीट झालं का, हे पहिल्याच संघाच्या पहिल्या दोन-तीन प्रश्नांत कळतं. मुलं एकमेकांकडे बघत असतील, तर उत्तर कोणी द्यायचं हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. दोघं एकदम बोलले तरी कारण तेच. अशा वेळी घड्याळ थांबवू नका. कर्णधाराकडे हात करा आणि पुढचा प्रश्न वाचा. संघाची वेळ संपली की पास झालेल्या आणि चुकलेल्या प्रश्नांची उत्तरं सांगा, गुणलेखकाकडून गुण जाहीर करून घ्या आणि पुढच्या संघासमोर पाकिटं ठेवा.