अभियांत्रिकीचे महाविद्यालय निवडताना फी आणि पहिल्या पगाराचा हिशेब : या चुका टाळा

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की नाशिकमधल्या अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला संगणक अभियांत्रिकीसाठी पुण्याच्या महाविद्यालयात पाठवायचे, की नाशिकमध्येच घरी राहून शिकू द्यायचे? ओळखीच्या कुटुंबांबरोबर बसून हा हिशेब मी अनेकदा मांडला आहे आणि त्यात त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना पाहिल्या आहेत. त्या नीट कळाव्यात म्हणून नाशिकरोडला राहणाऱ्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. यातले आकडे नमुन्याचे आहेत. त्यांच्या जागी तुमच्या यादीतील महाविद्यालयांचे आकडे घालावेत.

पहिली चूक म्हणजे फक्त शिक्षण शुल्काची तुलना करणे. समजा, पुण्याच्या महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क १,६०,००० रुपये आणि नाशिकच्या महाविद्यालयाचे १,०५,००० रुपये आहे. वर्षाला ५५ हजारांचा फरक पाहून पालक म्हणतात की चार वर्षांत सव्वादोन लाख जास्त गेले तरी चालेल. परंतु पुण्यात वसतिगृह आणि मेस यांचे वर्षाला १,१०,००० रुपये होतात, तर नाशिकमध्ये बसचा पास किंवा पेट्रोल आणि दुपारचे बाहेरचे खाणे यांत २०,००० रुपये जातात. पुस्तके, परीक्षा, प्रकल्प आणि इतर गोष्टींचे २५,००० रुपये दोन्हीकडे सारखेच धरू. म्हणजे पुण्याचा वार्षिक खर्च २,९५,००० आणि चार वर्षांचा ११,८०,००० रुपये होतो, तर नाशिकचा वार्षिक १,५०,००० आणि चार वर्षांचा ६ लाख. खरा फरक ५,८०,००० रुपयांचा आहे आणि त्यातला मोठा वाटा फीचा नसून राहण्याजेवणाचा आहे.

ही गोष्ट शुल्कसवलतीच्या संदर्भात फार महत्त्वाची ठरते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्काचा निम्मा भाग शासन भरते. त्याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्काची माफी आहे. तथापि, या सवलती केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेसाठी असतात, व्यवस्थापन कोट्यातील जागेला त्या लागू होत नाहीत आणि वसतिगृहाचे बिल त्यांनी कमी होत नाही. फी पूर्ण माफ झालेल्या मुलीसाठी दोन महाविद्यालयांच्या शिक्षण शुल्कातला फरक जवळजवळ संपतो, परंतु चार वर्षांच्या राहण्याजेवणाचा फरक तसाच उभा राहतो.

दुसरी चूक सर्वांत महागात पडते. माहितीपुस्तिकेवर ठळक छापलेले सर्वोच्च पॅकेज एका विद्यार्थ्याचे असते आणि चारपाच मोठ्या पॅकेजांमुळे सरासरीही फुगते. त्याऐवजी मध्यक पाहावा, म्हणजे नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था किती विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, किती जण ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांच्या पगाराचा मध्यक किती, ही माहिती सादर करतात आणि ती सहसा त्यांच्या संकेतस्थळावरही असते.

हे आकडे एकत्र वाचावे लागतात. समजा, पुण्याच्या महाविद्यालयात ३०० जणांनी प्रवेश घेतला, २४० वेळेत उत्तीर्ण झाले, १५० जणांना नोकरी लागली आणि मध्यक साडेपाच लाख आहे. मध्यकाचा अर्थ असा की १५० पैकी निम्म्यांना, म्हणजे साधारण ७५ जणांना साडेपाच लाख किंवा अधिक मिळाले. प्रवेश घेतलेल्या ३०० जणांत हे प्रमाण एक चतुर्थांशच भरते. नाशिकच्या महाविद्यालयात १८० पैकी ७७ जणांना नोकरी लागली आणि मध्यक ३ लाख ६० हजार आहे, असे धरू. हे आकडे पदवीच्या सर्व शाखांचे मिळून असतात, म्हणून नियोजन कक्षाकडे (प्लेसमेंट विभागाकडे) तुमच्या शाखेचे गेल्या दोनतीन वर्षांचे आकडे लेखी मागावेत. ते देण्यास टाळाटाळ झाली, तर ती नोंद हिशेबात जरूर धरावी.

तिसरी चूक म्हणजे पॅकेजला बाराने भागून पगार काढणे. साडेपाच लाखांच्या पॅकेजमध्ये कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा, ग्रॅच्युइटी, विमा आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम धरलेली असते. अशी बदलती रक्कम ४० हजार धरली आणि कर्मचाऱ्याचा स्वतःचा भविष्य निर्वाह निधी व व्यवसाय कर वजा केला, तर हातात महिन्याला सुमारे ३७ हजार येतात, ४५,८०० नव्हे. बदलती रक्कम नसेल तर ३ लाख ६० हजारांचे हातात सुमारे २५ हजार येतात. शिवाय नोकरी ज्या शहरात लागेल तिथला खर्चही वजा करायला हवा. पुण्यात वाट्याची खोली, मेस आणि प्रवास मिळून १६ हजार धरले, तर एकाकडे २१ हजार उरतात आणि दुसऱ्याकडे ९ हजार. इथपर्यंत पुणे स्पष्टपणे पुढे दिसते.

मग येते कर्ज. हे कुटुंब स्वतःच्या मिळकतीतून वर्षाला दीड लाख भरू शकते. म्हणजे नाशिकसाठी कर्ज लागत नाही, तर पुण्यासाठी दरवर्षी १,४५,००० रुपये कर्ज काढावे लागते. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, परंतु व्याज पहिल्या उचलीपासून चढत असते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. साडेदहा टक्के सरळव्याजाने, चारही उचली वर्षारंभी झाल्या असे धरल्यास, हप्ता सुरू होईपर्यंत २,१३,००० रुपये व्याज साचते आणि ५,८०,००० चे कर्ज ७,९३,००० होते. दहा वर्षांच्या फेडीसाठी महिन्याचा हप्ता सुमारे १०,७०० रुपये येतो.

आता पुण्याच्या मुलाकडे २१ हजारांतून साधारण १०,३०० उरतात, नाशिकच्या मुलाकडे ९ हजार. पावणेसहा लाखांचा जादा खर्च करून मिळालेला सुरुवातीचा फायदा महिन्याला तेराशे रुपयांचा आहे आणि तोही दोघांना मध्यकाएवढी नोकरी लागली तर. नोकरी उशिरा लागली, तर नाशिकच्या मुलाला घरी थांबता येते; पुण्याच्या मुलाचा हप्ता मात्र ठरलेल्या महिन्यापासून सुरू होतो. या आकड्यांत दोन पॅकेजांतला फरक पावणेदोन लाखांच्या आसपास असेल तिथे तराजू बरोबरीत येतो. फरक तीन लाखांचा असेल आणि नोकरी लागणाऱ्यांचे प्रमाणही जास्त असेल, तर कर्ज काढून पुण्याला जाणे माझ्या मते योग्य आहे. पुढच्या पगारवाढीचा यात हिशेब नाही. ती कौशल्यावर आणि कंपनीवर अवलंबून असते, म्हणून निर्णय तिच्या भरवशावर करू नये.

हा कागद पसंतीक्रम भरण्याआधी पूर्ण झाला पाहिजे. केंद्रीभूत फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय पहिल्याच वेळी मिळाले, तर ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत ती बदलून घेता येत नाही.