मीटिंगच्या पसाऱ्यातून दीड मिनिटाची स्क्रिप्ट

दुसऱ्या शहरांतल्या सहकाऱ्यांना मीटिंगचा दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवायचा असेल, तर त्याच्या स्क्रिप्टसाठी तासाभराच्या मीटिंगच्या नोंदींतून फक्त तीन गोष्टींखाली रेघ मारा: काय ठरलं, कोणती तारीख हलली, कोण कोणासाठी अडलंय. चर्चा कशी रंगली ते सोडून द्या. नोंद अशी असते: ‘टेस्टिंग पुढे? बँकेचं खातं नाही, नागपूरवाले बघतील, उद्या बोलू.’ स्क्रिप्टमध्ये ती अशी येते: ‘पेमेंटचं टेस्टिंग 12 ऐवजी 16 तारखेला सुरू होईल, कारण बँकेकडून टेस्ट खातं आलेलं नाही. तोवर नागपूरच्या टीमने लॉगिन तपासावं.’

‘उद्या’, ‘ते काम’, ‘आपण बघू’ हे शब्द खोडाच. बंगळुरूचा सहकारी व्हिडिओ दोन दिवसांनी उघडतो, तेव्हा त्याचा ‘उद्या’ वेगळा असतो. मग घड्याळ लावून मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो, तिथे वाक्य तोडा.