आत्महत्येच्या जोखमीचा तक्ता: कोणती गोष्ट कोणत्या रकान्यात लिहायची

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात किंवा ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या समुपदेशकाच्या हाती बहुधा वीसेक चौकटींची एक यादी पडते. टिका मारायच्या, बेरीज करायची आणि ‘कमी, मध्यम, जास्त’ यांपैकी एक शिक्का मारायचा. या बेरजेवरून पुढे कोण जीव देईल हे कळत नाही. इंग्लंडच्या नाइस संस्थेने 2022 च्या मार्गदर्शिकेत असे गुण आणि अशी वर्गवारी भाकितासाठी वापरू नका, असं स्पष्ट सांगितलं आहे. तक्ता करायचा तो उद्या काय करायचं हे ठरवण्यासाठी, आणि म्हणून तीन रकाने वेगळे हवेत.

स्थिर घटक म्हणजे घडून गेलेलं, आता न पुसणारं: पूर्वीचा प्रयत्न, घरातल्या कुणाची आत्महत्या, लहानपणचा छळ. बदलते घटक म्हणजे दिवसागणिक किंवा आठवड्यागणिक कमी-जास्त होणारं: झोप, दारू, हताशा, हाताशी असलेलं साधन. संरक्षक घटक म्हणजे माणसाला धरून ठेवणारं.

व्याख्या सोप्या आहेत, घोळ होतो तो वाटणी करताना. केज तालुक्यातला 41 वर्षांचा एक कापूस उत्पादक शेतकरी समजा. भावाने सहा वर्षांपूर्वी जीव दिला, त्याने स्वतः चार वर्षांपूर्वी प्रयत्न केला. दोन्ही नोंदी सालासकट स्थिर रकान्यात जातील. आता कर्ज. नवखा माणूस ‘कर्जबाजारी’ असा एकच शब्द लिहून मोकळा होतो. पण कर्ज आठ वर्षं जुनं आहे आणि बँकेची नोटीस मागच्या सोमवारी आली, सावकार गुरुवारी दारात येऊन चारचौघांत बोलून गेला. जुनं कर्ज ही पार्श्वभूमी, नोटीस आणि अपमान हे बदलते घटक. दारूचंही तसंच. ‘पंधरा वर्षांपासून पितो’ हा इतिहास, ‘आठवडी बाजारापुरती होती ती दहा दिवसांपासून रोज झाली’ हा बदल. अडलं की एकच प्रश्न विचारा: येत्या दोन आठवड्यांत ही गोष्ट बदलू शकते का? हो असेल तर बदलत्या रकान्यात टाका.

या रकान्याला आणखी तीन उपरकाने पाडा: कधीपासून, काय करायचं, कोण करणार. ‘झोप तीन तास, दहा दिवस’ यापुढे ‘डॉक्टरांची भेट, आजच’. ‘फवारणीचं औषध घरात’ यापुढे ‘आज संध्याकाळी मेहुणा घेऊन जाणार’. कृतीचा उपरकाना रिकामा राहिला तर ती नोंद नुसती शाई आहे.

संरक्षक रकाना सर्वांत फसवा. ‘विवाहित, दोन मुलं’ ही जनगणनेची माहिती झाली. ‘बायकोला रात्रीचे विचार सांगितले आहेत, ती सोबत आली आहे’ हे संरक्षण. औषधाच्या पेटीला कुलूप आहे, पण किल्ली त्याच्याच करगोट्याला, तर तेही संरक्षण नव्हे. मुलांबद्दल तर विचारूनच लिहा. ‘लेकरांसाठी जगायचंय’ म्हणणारा आणि ‘माझं ओझं गेलं की लेकरं सुखी होतील’ म्हणणारा, दोघांनाही दोनच मुलं असतात. दुसऱ्याचं वाक्य बदलत्या रकान्यात जातं. शिवाय संरक्षक घटक वजा करायचे नसतात. चार धोके उणे तीन आधार बरोबर एक, असा हिशेब मांडणारे कागद आजही फिरतात. रात्री दोन वाजता त्या उरलेल्या एकाचं काय करायचं, हे त्यात नसतं.

तिन्ही रकान्यांच्या वर, कागदाच्या माथ्यावर, सध्याचे विचार लिहायची जागा ठेवा. त्यात विचार, ठरवलेली पद्धत, तयारी आणि शेवटचा विचार कधी आला, हे त्याच्याच शब्दांत यावं. प्रश्नही छापूनच ठेवा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ त्याऐवजी ‘काही बरंवाईट करून घेणार नाही ना?’ असं विचारलं की आपणच ‘नाही’ हे उत्तर तोंडात देतो. सरळ विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. इथे ठरवलेली पद्धत आणि तयारी दिसली तर खालचे रकाने नंतर भरा. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या.

रकान्यांखाली एक ओळ ‘पुढे काय घडू शकतं’ याची: बँकेची तारीख, कापसाचा हिशेब, बायकोचं माहेरी जाणं. त्या तारखेच्या आधीची भेट ठरवा. तळाशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोठ्या टायपात, फाडून देता येईल असा छापा.

दुसऱ्या भेटीत स्थिर रकाना जुन्या कागदावरून उतरवला तरी चालतो. बाकीचे दोन मात्र कोरे घेऊन बसा, कारण मागच्या वेळी सोबत आलेली बायको आज आली आहे का, हे जुन्या कागदावर लिहिलेलं नसतं.